एकतीस मार्क पडले, पुढे काय?

*ताई, मी कॉलेजमध्ये नवीनच लेक्चरर म्हणून लागलेय. पुढच्या आठवड्यात सेकंड इयरच्या मुलांसमोर दहा मिनिटं रेझिलियन्स, म्हणजे धक्क्यातून सावरणं, या विषयावर बोलायचंय आणि एचओडी मॅडमनी सांगितलंय की एकच साधं उदाहरण घे, परीक्षेत नापास होण्याचं घे, मुलांना लगेच कळेल. मी तीनदा लिहून काढलं पण वाचलं की पोस्टरवरच्या सुविचारासारखं वाटतं. समोर गेल्या सेमिस्टरला विषय राहिलेली मुलंही बसलेली असणार, त्यांना हे ऐकून अजून वाईट वाटू नये एवढीच भीती आहे. नक्की काय सांगू आणि कसं सांगू?*

सगळ्यात आधी तू लिहिलेल्या तिन्ही ड्राफ्टमधून व्याख्या काढून टाक, म्हणजे सुरुवातीची. मुलांना व्याख्या सातव्या मिनिटाला दिली तरी चालते, तेव्हा ती त्यांना समजते कारण तोपर्यंत त्यांच्या डोळ्यासमोर एक माणूस उभा राहिलेला असतो. आणि दुसरं, मोठ्या माणसांच्या अपयशाच्या गोष्टी पण काढून टाक, अमुक शास्त्रज्ञ शाळेत कच्चा होता वगैरे. एक तर त्यातल्या अर्ध्या गोष्टी खऱ्या नसतात, आणि ज्या खऱ्या असतात त्यात मधला भागच गाळलेला असतो, म्हणजे आधी पडला आणि मग एकदम मोठा झाला, मधल्या दिवसांत सकाळी उठून नक्की काय केलं ते कोणी सांगतच नाही. तुला दहा मिनिटं फक्त त्या मधल्या भागावर बोलायचंय. रेझिलियन्स राहतो तो तिथेच.

दहा मिनिटांत तू जेमतेम हजार-बाराशे शब्द बोलणार, घाईघाईत बोललीस तर थोडे जास्त, पण घाई करू नकोस. एवढ्यात एकच मुलगी, एकच पेपर आणि साधारण सहा आठवडे बसतात. मी तुला ती मुलगी देते, नाव नको देऊस, वर्गात त्या नावाची कोणीतरी असतेच आणि मग सगळे तिच्याकडे वळून बघतात.

समजा तिला स्टॅटिस्टिक्समध्ये शंभरपैकी एकतीस पडले. पासिंग चाळीसला. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच राहिला. रिझल्ट लागला त्या दिवशी तिने काय केलं ते आधी सांग, आणि इथे थोडा वेळ घे. तिने मार्क बघितले, मग पेज रिफ्रेश करून परत बघितले जणू काही दुसऱ्यांदा वेगळे दिसतील, मग ग्रुपवर सगळे एकमेकांना विचारत होते तेव्हा तिने फोन उलटा ठेवला, घरी सांगितलं की अजून लागला नाही वाटतं, साइट स्लो आहे. रात्री रडली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली नाही, डोकं दुखतंय म्हणाली आणि खरंच दुखत होतं. हे तू सांगशील ना तेव्हा वर्गात एक विशिष्ट शांतता येईल, काही जण हसतील, तेवढ्यावरून समज की त्यांना ओळखीचं वाटलंय.

मग लगेच एक गोष्ट स्पष्ट बोल की आत्तापर्यंत जे झालं त्यातलं काहीही रेझिलियन्सच्या विरुद्ध नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मुलांना वाटतं की रेझिलियंट म्हणजे ज्याला फरक पडत नाही तो, मागच्या बाकावरचा तो मुलगा जो नापास झाल्यावर पार्टी दे म्हणतो. त्याला खरंच फरक पडत नसेल तर तिथे काही सोसायचंच नाहीये, मग रेझिलियन्सचा प्रश्न येतोच कुठे. आणि फरक पडत असेल आणि तो लपवत असेल तर आपल्याला बाहेरून कळणारही नाही. सायकॉलॉजीत या शब्दाचा अभ्यास करणारी मंडळी आता बहुतेक करून त्याच्याकडे एक प्रोसेस म्हणून बघतात, एखाद्याच्या स्वभावात जन्मतः घट्ट बसवलेला गुण म्हणून नाही. धक्का बसणार हे त्यात धरलेलंच असतं, प्रश्न असतो तो धक्क्यानंतरचा.

आता तिसरा दिवस. इथे तिच्या डोक्यात एक वाक्य तयार होतं आणि पुढचं बरंचसं त्या वाक्यावर अवलंबून असतं. ते वाक्य असतं, मला मॅथ्स जमतच नाही, किंवा त्याहून वाईट, मी मुळातच ढ आहे, बाकीचे विषय नशिबाने सुटले. बर्नार्ड वाइनर नावाच्या सायकॉलॉजिस्टने याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलंय, की यश-अपयशाचं कारण माणूस कशाला ठरवतो. त्याच्या मांडणीत तीन प्रश्न येतात, कारण माझ्यात आहे की बाहेर, ते कायमचं आहे की बदलणारं, आणि ते माझ्या हातात आहे की नाही. मी ढ आहे या वाक्यात काय होतं बघ, कारण माझ्यात, कायमचं, आणि माझ्या हातात नाही. तिन्ही बाजूंनी दार बंद. असं मानल्यावर अभ्यासाला बसणं खरं तर मूर्खपणाच ठरेल, आणि मुलं मूर्ख नसतात, म्हणून ती बसत नाहीत. आपण त्याला आळस म्हणतो. वर्गात तू वाइनरचं नाव घेतलं नाहीस तरी चालेल, पण हे तीन प्रश्न मात्र सांग.

यावर एक जुना प्रयोग आहे तो तू दोन वाक्यांत सांगू शकतेस, टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांचा, 1982 सालचा. फर्स्ट इयरच्या ज्या मुलांना मार्कांची काळजी लागली होती त्यांच्यातल्या काहींना फक्त एवढंच कळवलं की पहिल्या वर्षी बऱ्याच जणांचे ग्रेड कमी येतात आणि पुढे सुधारतात, सोबत सीनियर्सच्या मुलाखतींचे व्हिडिओ दाखवले. ज्यांना हे सांगितलं त्यांच्यापैकी कॉलेज सोडणारे नंतर कमी निघाले आणि त्यांचे ग्रेडही वाढले. प्रयोग छोटा होता, चाळीसेक मुलांचा, त्यामुळे व्हिडिओ दाखवा आणि नापास होणं बंद असा अर्थ काढू नकोस. पण बघ, त्यांनी मुलांना तुम्ही हुशार आहात असं कुठेच सांगितलं नाही. मार्क कमी पडण्याचं कारण कायमचं नाही, एवढंच सांगितलं. तूही त्या मुलांना तुम्ही हुशार आहात म्हणू नकोस, एकतीस मार्क पडलेल्या मुलीला ते खोटं वाटतं आणि मग तुझं बाकीचं बोलणंही खोटं वाटायला लागतं.

आता माझ्या मते टॉकमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग, याला चार मिनिटं दे. तो भाग म्हणजे उत्तरपत्रिका.

नापास झालेला पेपर परत उघडून बघणं हे बहुतेक जण करतच नाहीत. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाक यांनी 2019 मध्ये यावर काही प्रयोग छापले, त्यात असं दिसलं की तुझं बरोबर आलं हे कळल्यावर माणसं जेवढं शिकतात त्यापेक्षा तुझं चुकलं हे कळल्यावर कमी शिकतात, माहिती तेवढीच असली तरी. कारण चुकलं म्हटल्यावर मन तिथून काढता पाय घेतं, आपल्या अहंकाराला ठेच लागते ना. म्हणजे अपयश हा सर्वात मोठा गुरू वगैरे जे आपण म्हणतो ते आपोआप होत नाही, गुरू समोर बसलेला असतो आणि आपण डोळे मिटून घेतो. मला हा मुद्दा मुलांना सांगायला फार आवडतो कारण तो सुविचाराच्या बरोबर उलटा आहे.

तर आपली मुलगी पाचव्या दिवशी पेपर बघायला मिळावा म्हणून अर्ज करते. एकटी नाही, तिची एक सीनियर आहे ती म्हणते चल मी येते सोबत. (ही सीनियर गोष्टीत ठेवच, तिच्यावर पुढे बोलायचंय.) पेपर पाच प्रश्नांचा, प्रत्येकी वीस मार्क, वेळ तीन तास. तिला पहिल्यात तेरा, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सहा, चौथ्यात तीन, आणि पाचवा लिहिलाच नाही, शून्य. झाले एकतीस. हे तू फळ्यावर लिही, सरळ आकडे लिही, स्लाइड नको.

मग सीनियर तिला एक विचित्र गोष्ट करायला लावते. एकतीस कुठून आले ते बघायचंच नाही, गेलेले एकोणसत्तर कुठे गेले ते शोधायचं, आणि प्रत्येक गेलेल्या मार्काला एक कारण द्यायचं. पहिल्या प्रश्नातले सात गेले ते हिशोबात, व्हेरियन्स काढला बरोबर पण विचारलं होतं स्टँडर्ड डेव्हिएशन, वर्गमूळ काढायचंच राहिलं आणि पुढची दोन उत्तरं त्याच चुकीच्या आकड्यावर उभी राहिली. दुसऱ्यात अकरा गेले, त्यातले तीन असेच, शेवटी निष्कर्ष लिहा म्हटलं होतं तो लिहिला नाही, आणि आठ गेले कारण फॉर्म्युला डोळ्यासमोर येईना, रात्री वाचला होता, पानावर कुठे होता तेसुद्धा आठवत होतं, पण तो काही आठवेना. तिसऱ्यात चौदा गेले, सात तसेच आठवेना म्हणून, सात तो भाग वाचलाच नव्हता म्हणून. चौथ्यात सतरा गेले, सगळे वाचलंच नव्हतं म्हणून, त्या धड्याच्या वेळी ती आजारी होती आणि नंतर नोट्स फक्त फोटो काढून ठेवल्या. पाचव्यातले वीस वेळेत गेले.

आता बेरीज करून दाखव. निष्काळजीपणाचे दहा, आठवेना म्हणून पंधरा, वाचलंच नव्हतं म्हणून चोवीस, आणि वेळ पुरला नाही म्हणून वीस. एकोणसत्तर झाले. या यादीत मी ढ आहे या कारणाने गेलेला एकही मार्क नाहीये, आणि हे तू बोलूही नकोस, फळ्यावर आकडे असताना दोन सेकंद गप्प बस, कोणीतरी मागून बोलेलच.

मग वेळेवर ये, कारण तिथे खरी गंमत आहे. तीन तास म्हणजे एकशेऐंशी मिनिटं, पाच प्रश्न, एकाला छत्तीस मिनिटं आली. तिने पहिल्याला पंचावन्न दिली कारण तो तिला येत होता आणि सुरुवात परफेक्ट व्हावी असं वाटत होतं, आणि तिथेच ते वर्गमूळ सुटलं. घरी आल्यावर तिने तो पाचवा प्रश्न घेतला, पुस्तक बंद, समोर घड्याळ, छत्तीस मिनिटं. मग स्वतःच कडक तपासला, वीसपैकी अकरा आले. एकतीस आणि अकरा बेचाळीस. म्हणजे पास होण्यापुरतं तिला त्या दिवशी हॉलमध्ये येत होतं, फक्त ती तिथपर्यंत पोचलीच नाही.

पण सांभाळ, इथे मुलं लगेच उडी मारतात की मग काय, नुसता टाइम मॅनेजमेंटचा प्रश्न होता. तसं नाही. चोवीस मार्क न वाचल्याचे आहेत आणि ते सगळ्यात मोठं खातं आहे. सगळं दुःख एका सोप्या कारणावर ढकलून मोकळं होणं हीसुद्धा पेपर न बघण्याचीच एक पद्धत आहे, जरा जास्त हुशार दिसणारी. घड्याळ लावलं की सुटेल असं मानून ती परत बसली तर काठावर लटकेल, एक अवघड प्रश्न आला की परत खाली.

आणि आठवेना म्हणून गेलेले पंधरा, त्यावरही थोडं बोल कारण हे जवळजवळ प्रत्येकाचं असतं. ती सोडवलेली उदाहरणं वाचायची, परत वाचायची, हायलाइट करायची, आणि प्रत्येक वाचनाला वाटायचं हो हे येतंय. ते ओळखू येत होतं, आठवत नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हॉलमध्ये फक्त दुसरी उपयोगी पडते. रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. रात्रभर वाचून सकाळी सगळं येतंय असं का वाटतं आणि पेपरात का जातं, ते यात बरंचसं आलं.

तर आता तिच्याकडे चार कारणं आहेत आणि चारही बदलणारी आहेत, रिएक्झामला सहा आठवडे आहेत. तिने काय केलं ते थोडक्यात सांग, इथे फार रमू नकोस नाहीतर स्टडी टिप्सचं लेक्चर होईल. राहिलेल्या दोन भागांसाठी सरांकडे गेली, जायला लाज वाटत होती, दोनदा केबिनच्या दारातून परत आली, तिसऱ्यांदा गेली. रोज पुस्तक बंद करून दोन गणितं. दर रविवारी पूर्ण पेपर घड्याळ लावून. आणि प्रश्नपत्रिका हातात आली की आधी प्रत्येक प्रश्नासमोर तो किती वाजता सोडायचा ती वेळ लिहायची, प्रश्न अर्धा राहिला तरी पुढे जायचं.

मग दुसऱ्या रविवारी तिला मॉक टेस्टमध्ये चौतीस पडले.

हे वाक्य बोललीस की थांब. माझ्या मते तुझ्या टॉकमध्ये रेझिलियन्स या शब्दावरचा खरा जोर इथे यायला हवा. रिझल्टच्या दिवशी सगळे सोबत असतात, सहानुभूती असते, जिद्द पण चढलेली असते. दोन आठवडे राबून तीनच मार्क वाढतात तेव्हा आजूबाजूला कोणी नसतं आणि ते जुनं वाक्य परत येतं, बघ म्हटलं होतं ना, तुला जमतच नाही. त्या दिवशी ती अर्धा तास काहीच करत नाही. मग तेच करते जे आधी एकदा केलंय, सहासष्ट कुठे गेले. आणि तिला दिसतं की पाचही प्रश्न लिहिलेत, वेळेचं खातं शून्यावर आलंय, आठवेना वाले कमी झालेत, पण नवा धडा अर्धवट समजल्यामुळे तिथे तिने भरपूर लिहून भरपूर चुकवलंय. पूर्वी जे कोरं होतं ते आता चुकीचं लिहिलेलं आहे. मार्कात ते सारखंच दिसतं, शिकण्यात तसं नाही, कारण चुकीचं लिहिलेलं कोणालातरी दाखवता येतं. ती ते घेऊन परत केबिनमध्ये जाते आणि या वेळी दारातून परत येत नाही.

आता व्याख्या दे. तुझ्या शब्दांत दे, मी अशी देईन, की जोराचा धक्का बसल्यावर माणूस ज्या ज्या गोष्टी करत, लोकांची मदत घेत, मधेच परत घसरत का होईना पुन्हा कामाला लागतो, आणि जमलं तर आधीपेक्षा वेगळ्या पद्धतीने लागतो, त्या सगळ्या प्रवासाला रेझिलियन्स म्हणतात. मधेच परत घसरत हे शब्द गाळू नकोस.

तिचा शेवट बावन्नवर कर. नव्वद नको, नव्वद दिलेस की परत पोस्टर झालं. आणि लगेच स्वतःच विचार, समजा रिएक्झाममध्ये तिला अडतीस पडले असते तर? त्या सहा आठवड्यांत तिने जे केलं ते तेच राहिलं असतं ना. निकाल बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतो, पेपर कसा निघाला, तब्येत कशी होती, म्हणून रेझिलियन्स निकालावरून मोजायचा नाही. शिवाय कधीकधी सगळा हिशोब मांडल्यावर असंही निघतं की हा विषय, हा कोर्सच आपल्यासाठी नाही, आणि नीट बघून तो सोडणं हेही त्यात बसतं, न बघता पळणं बसत नाही.

अजून एक राहिलं, ती सीनियर. तिच्याशिवाय ही गोष्ट सांगितलीस तर मुलं असा अर्थ घेतील की एकट्याने सोसायचं. एमी वर्नर यांनी हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक दशकं पाठपुरावा केला, एकूण 698 मुलं. त्यातल्या दोनशेच्या आसपास मुलांची परिस्थिती फार कठीण होती, गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचे आजार किंवा व्यसनं, पण त्यांच्यातलीही सुमारे एक तृतीयांश मुलं मोठी होऊन व्यवस्थित उभी राहिली. अशा मुलांमध्ये वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना जीव लावणारं निदान एक तरी माणूस होतं, ते आई-वडीलच असेल असं नाही, कुणाची आजी होती, कुणाचे शिक्षक. तुझ्या गोष्टीत पेपर बघायला सोबत गेलेली सीनियर आहे, केबिनमधले सर आहेत. त्या दोघांनी तिला काही थोर सांगितलं नाही, एक सोबत चालली आणि एकाने चुकलेलं गणित बघितलं.

आणि स्वतःला शिव्या घालून माणूस सुधारतो असं मुलांना (आणि पालकांना) पक्कं वाटतं त्यावर एक वाक्य टाक. ब्राइन्स आणि चेन यांच्या 2012 च्या अभ्यासात अवघड टेस्टमध्ये आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे जरा मायेने बघायला सांगितलं त्यांनी पुढच्या टेस्टसाठी जास्त वेळ अभ्यास केला. म्हणजे स्वतःशी बरं वागलं की माणूस सैल पडतो ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

आता तुझ्या खऱ्या भीतीकडे येते, विषय राहिलेली मुलं समोर असणं. कोणाला हात वर करायला लावू नकोस, किती जण नापास झालेत हे विनोदानेसुद्धा विचारू नकोस, आणि त्याच कॉलेजचं खरं उदाहरण नाव न घेताही देऊ नकोस कारण दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं कोण ते. तू पण मी नापास झाले होते वगैरे सांगायची गरज नाही, सांगायचं असेल तर सांग पण मग सगळं तुझ्यावर जातं. आणि हेही मान्य कर की प्रत्येकाचं एकोणसत्तर असं चार खात्यांत वाटलं जात नाही. एखादा मुलगा रात्री काम करतो म्हणून वाचू शकला नाही, एखादीच्या घरी बसायला जागा नाही, एखाद्या वर्गात धडा शिकवलाच गेला नाही. तिथे तू रेझिलियंट हो म्हणणं म्हणजे दुसऱ्यांनी करायचं काम त्या मुलाच्या डोक्यावर टाकणं झालं. त्याला वेळापत्रकात सवलत, पुस्तकं, एक्स्ट्रा लेक्चर लागेल आणि ते मिळवून देणं हे तुझ्या-माझ्यासारख्यांचं काम आहे.

आणि काही मुलांसाठी हा टॉक पुरेसा नाही हे पण ओळखून जा. दोन आठवडे उलटून गेले तरी झोप नाही, जेवण जात नाही, ज्यात आधी रमायचे त्यातही लक्ष नाही, सगळ्यांशी बोलणं तोडलंय, अशा वेळी उत्तरपत्रिकेचा हिशोब मांडायला सांगायचं नसतं, काउन्सेलर किंवा डॉक्टरकडे न्यायचं असतं. आणि कोणी जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, हसत हसत बोललं तरी, तर सरळ विचार की जीव द्यायचे विचार येतात का, विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, आणि हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नकोस, त्याच दिवशी मदतीपर्यंत पोचव. टॉक संपल्यावर काउन्सेलर कुठे आणि किती वाजता भेटतात ते फळ्यावर लिहून ठेव, सगळ्यांसाठी म्हणून लिही.

शेवटी कागद द्यायचा असेल तर अर्ध्या पानाची चिठ्ठी दे ज्यावर तीनच प्रश्न असतील, मी तयारी कशी केली होती, मार्क कुठे कुठे गेले, पुढच्या वेळी त्यातली कोणती एक गोष्ट बदलणार. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लव्हेट यांनी याच धर्तीवर पेपर परत देताना भरायचे छोटे फॉर्म वापरले, त्यांना एक्झाम रॅपर म्हणतात. पण तू ते गोळा करू नकोस, वाचूनही दाखवायला लावू नकोस, गोळा होणार म्हटलं की मुलं तुला आवडेल ते लिहितात. पास झालेल्यांनाही दे, सत्तर पडलेल्याचे तीस गेलेलेच असतात.

एक प्रश्न तुला हमखास येईल, मॅडम मी तर तीनदा बसलो, तिन्ही वेळा राहिला, मग माझं काय. त्याला वर्गात उत्तर देऊ नकोस, नंतर भेट म्हण आणि खरंच भेट. भेटल्यावर पहिला प्रश्न हा विचार की तिन्ही वेळचे पेपर बघितलेस का, आणि तिन्ही वेळा अभ्यासाची पद्धत तीच होती का. बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर नाही असतं आणि दुसऱ्याचं हो. तसं नसेल, म्हणजे पेपर बघितलेत, पद्धत बदललीय आणि तरी अडतंय, तर मग मागच्या इयत्तेतलं काहीतरी कच्चं राहिलंय का, वाचायला-लिहायला काही अडचण आहे का, विषय बदलता येतो का, या दिशेने जावं लागेल आणि त्यात तुला त्या विषयाच्या सरांना बसवावं लागेल.

आणि ही मुलगी खरी आहे का असंही कोणीतरी विचारेलच. नाही, हिशोब समजावा म्हणून मी मांडलीय, असं सरळ सांगून टाक.